फ्लॅट राहायला दिला होता: भाडेकरूला लिहिलेल्या एका मेसेजची हकिकत

कोपरखैरणेचा आमचा वन बीएचके आम्ही १ सप्टेंबर २०२३ पासून चोवीस महिन्यांसाठी दिला होता. महिना २४,००० रुपये, डिपॉझिट एक लाख. घरी येऊन अंगठे घेणाऱ्या एजंटाकडून ऑनलाइन नोंदणी केली. नोंदणी फी १,००० आणि स्टॅम्प ड्युटी दीड हजाराच्या आसपास होती (पूर्ण मुदतीचं भाडं आणि डिपॉझिटवरचं दहा टक्क्यांचं व्याज मिळून जी रक्कम होते, तिच्यावर पाव टक्का). पोलिसांकडे भाडेकरूची माहितीही भरली होती. नवरा-बायको आणि सहा वर्षांचा मुलगा, तो लॉजिस्टिक्स कंपनीत नोकरीला. सगळं रीतसर झालं होतं, त्यामुळे पुढचे नऊ महिने मी त्या फ्लॅटमध्ये पाऊल ठेवलं नाही. दर महिन्याच्या पाच तारखेला पैसे येत होते, ते पाहून मी निश्चिंत होते.

१० जून २०२४, सोमवार. ठाण्याच्या घरी सोसायटीचं पत्र आलं, आमच्या दोघांच्या नावानं. 'आपल्या सदनिकेतून खाद्यपदार्थांचा व्यवसाय चालतो. रात्री बारापर्यंत डिलिव्हरीवाल्यांची ये-जा असते. आपल्या खालच्या मजल्यावरील सदनिकेची किचनची लाइन दोनदा चोक झाली असून पाइपमध्ये तेल-तुपाचा थर सापडला आहे. पंधरा दिवसांत खुलासा करावा.' मला सगळ्यात आधी राग आला तो सोसायटीचा, की हे भाडेकरूला का लिहीत नाहीत, आम्हाला का? नंतर कळलं, की त्यांचं बरोबर होतं. सोसायटीचे सभासद आम्ही आहोत. आमच्या फ्लॅटमध्ये कोणी काहीही केलं, तरी सोसायटीपुढे जबाब आमचाच.

त्याच संध्याकाळी भाडेकरूला फोन लावला. तो म्हणाला, "काकू, असं काही नाही हो. बायको दोन-चार डबे करते. लोक उगाच वाढवून सांगतात." आवाज इतका सरळ होता, की फोन ठेवताना मीच ओशाळले.

फोनवर विचारायची घाई मी केली, ती चूक होती. हातात एकही कागद नव्हता, काय विचारायचं ते ठरलं नव्हतं आणि त्याचं उत्तर कुठे नोंदलंही गेलं नाही. शिवाय तो सावध झाला. तुमच्यावर अशी वेळ आली, तर फोन नंतर करा, आधी कागद काढा.

दुसऱ्या दिवशी मी कागद काढले. पहिलं लाइट बिल. मीटर ह्यांच्या नावावर आहे, त्यामुळे महावितरणच्या ॲपमध्ये जुनी बिलं दिसतात. पहिल्या चार महिन्यांत युनिट १५० ते १८० होते. फेब्रुवारीच्या बिलात ३८०, मार्चला ४१२, एप्रिलला ४३८. एसी नसलेल्या, तिघांच्या घरात हिवाळा संपता संपता एवढी उडी पडत नाही. दर महिन्याला हे बिल पीडीएफ करून मीच त्याला पाठवत होते, पण आकड्याकडे बघितलं नव्हतं.

मग बहिणीच्या मुलानं जेवण मागवायच्या ॲपवर कोपरखैरणेचा तो सेक्टर टाकून शोधलं. थाळी, पराठे, बिर्याणी देणारं एक 'किचन' निघालं. अशा प्रत्येक दुकानाच्या पानावर तळाशी अन्न परवान्याचा चौदा आकडी नंबर असतो. तो नंबर अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या FoSCoS पोर्टलवर टाकला, की नोंदणी कुणाच्या नावे आणि कुठल्या पत्त्यावर आहे ते दिसतं. त्यानं नंबर टाकला आणि फोन माझ्यापुढे धरला. आमच्या इमारतीचं नाव, आमचा मजला, आमच्या फ्लॅटचा नंबर. २०११ साली कर्ज काढून घेतलेलं घर, वास्तुशांतीला माझ्या आईनं ज्या ओट्यावर दूध उतू घातलं तो ओटा, आणि त्याच्या पत्त्यावर कुणाच्या तरी धंद्याची सरकारी नोंद. मी बराच वेळ काही बोलले नाही.

त्या रात्री ह्यांनी मेसेज लिहिला. 'तुम्ही आमची फसवणूक केली आहे. आठ दिवसांत घर खाली करा, नाहीतर लाइट-पाणी बंद करू आणि पोलिसात देऊ.' पाठवायच्या आधी त्यांनी मला वाचून दाखवला आणि मी थांबवलं. समजूतदारपणा वगैरे नव्हता, मला त्यातल्या 'लाइट-पाणी' या शब्दांची भीती वाटली. ते आपण खरंच करू शकतो का, हे माहीत नव्हतं.

शनिवारी, १५ जूनला ओळखीतल्या एका वकीलबाईंना भेटलो. सल्ल्याचे २,००० रुपये झाले आणि पाऊण तास मिळाला. त्या पाऊण तासातलं जे मला आधी माहीत असायला हवं होतं, ते सविस्तर लिहिते.

ह्यांचा मेसेज वाचून त्या म्हणाल्या, "हा पाठवला असतात, तर उद्या त्यानं तोच दाखवला असता." वीज-पाणी तोडणं, कुलूप बदलणं, सामान बाहेर काढणं यातलं काहीही मालकानं स्वतःच्या हातानं करायचं नाही. मग चूक त्याची राहत नाही, आपली होते. कायद्याची वाट सोडून कुणाला घराबाहेर काढलं, तर तो सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागू शकतो, आणि त्या दाव्यात घर कुणाच्या मालकीचं हा मुद्दा बघितला जात नाही.

मग त्यांनी आमचा करार वाचायला घेतला. ऑनलाइन नोंदणीत करार ठरावीक साच्याचा असतो आणि आपण तो सही करताना वाचत नाही. त्यांनी तीन कलमांवर पेन्सिलीनं खुणा केल्या. पहिलं वापराचं: जागा फक्त राहण्यासाठी वापरायची. दुसरं पाहणीचं: मालक वाजवी पूर्वसूचना देऊन जागा आतून पाहू शकतो. तिसरं रद्द करण्याचं: कराराच्या कुठल्याही अटीचा भंग झाला, तर मालक एक महिन्याची लेखी नोटीस देऊन करार रद्द करू शकतो. म्हणजे आम्हाला जे हवं होतं ते सगळं आधीच लिहिलेलं होतं.

करार नोंदवलेला असण्याचं मोलही तेव्हा कळलं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे असा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल, तर जागा कुठल्या अटींवर दिली होती याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. 'मला डब्यांचा धंदा करायला तोंडी परवानगी दिली होती' एवढं तो म्हणाला असता तरी आमची अडचण झाली असती. आणि मुदत संपल्यावर कुणी घर सोडलंच नाही, तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, तिथे नोंदवलेला करार हाच निर्णायक पुरावा मानतात आणि अडवलेल्या दिवसांची भरपाई दुप्पट दरानं लागते. पण आमची मुदत ऑगस्ट २०२५ पर्यंत होती. "मधेच रद्द करायची वेळ आली, तर तुमच्या नोटिशीतला शब्दन् शब्द तपासला जाईल. म्हणून नोटिशीच्या आधी एक नीट मेसेज लिहा, आणि मेसेजच्या आधी घर बघून या," असं त्यांनी सांगितलं.

विजेचा मुद्दा त्यांनी काढला तेव्हा ह्यांचा चेहरा उतरला. घरगुती मीटरवर धंदा चालवणं हा वीज कायदा, २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरू शकतो. तपासणीत सापडलं, तर लागू होणाऱ्या दराच्या दुप्पट आकारणी होते, आणि वापर कधीपासून सुरू झाला ते ठरवता आलं नाही तर मागच्या बारा महिन्यांची. बिल मीटर ज्याच्या नावावर आहे त्याला येतं. घरातल्या छोट्या व्यवसायाला मुभा आहे, महिन्याला ३०० आणि वर्षाला ३,६०० युनिटच्या आत वापर असेल तर घरगुती दरच लागतो. आमचे आकडे ४०० च्या पुढे गेले होते. शिवाय सोसायटीची जमीन सिडकोकडून राहण्याच्या वापरासाठी भाडेपट्ट्यानं मिळालेली, म्हणून सोसायटीलाही या गोष्टीची धास्ती असते.

१६ जूनला पाहणीची सूचना पाठवली, फक्त दोन ओळी: 'कराराच्या पाहणीच्या कलमानुसार आम्ही शनिवार, २२ जून रोजी सकाळी ११ वाजता सदनिका पाहण्यासाठी येत आहोत. ही वेळ अडचणीची असल्यास त्याच दिवसातली दुसरी वेळ कळवावी.' कारण लिहिलं नाही. निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही.

२२ तारखेला ठाण्याहून लोकलनं गेलो. स्टेशन ते सोसायटी ह्या पंधरा मिनिटांत मी मनातल्या मनात दहा भांडणं केली. दार त्याच्या बायकोनं उघडलं. हातातल्या टॉवेलला पीठ लागलेलं. "या काकू," म्हणाली आणि बाजूला झाली. लपवायचा प्रयत्न तिनं केला नाही, ही गोष्ट मला आजही आठवते.

हॉलमध्ये सोफ्याच्या जागी आडवा डीप फ्रीजर होता, त्यावर प्लॅस्टिकच्या डब्यांच्या चळती. किचनमध्ये ओट्याला लागून लोखंडी स्टँडवर दोन बर्नरची भट्टी. ड्राय बाल्कनीत १९ किलोचे दोन व्यावसायिक सिलिंडर शेजारी शेजारी उभे, आणि त्यांची रबरी नळी खिडकीच्या स्लायडिंगच्या खाचेतून आत घेतलेली. खिडकी सरकवली की नळी दबत होती. नळीवर दोन ठिकाणी चपटी, पांढरट खूण पडलेली मी स्वतः बोट लावून पाहिली. त्या बाल्कनीच्या वर आणि खाली अशाच बाल्कन्या आहेत आणि त्यात लोकांची धुणी वाळत असतात. सोसायटीचं पत्र, लाइट बिल, करार, सगळं त्या क्षणी मागे पडलं.

फ्रीजवर अन्न नोंदणीचं सर्टिफिकेट चिकटवलेलं होतं. त्याला विचारून मी फोटो काढले, आणि काढताना तारीख-वेळ दिसेल असं बघितलं. न विचारता काढू नका. घर आपलं असलं, तरी तो त्यांचा संसार आहे.

मग तो बोलला. डिसेंबरमध्ये नोकरी गेली होती. बायकोचे डबे जानेवारीपासून सुरू झाले, पंचवीस झाले, मग ॲपवर नाव टाकलं. नोंदणी करताना आमचाच करार आणि मी पाठवलेलं लाइट बिल जोडलं होतं. "भाडं एकदा तरी चुकलं का, काकू?" नव्हतं चुकलं. नोकरी गेलेल्या माणसानं सहा महिने वेळेवर भाडं भरलं, ते याच भट्टीवर. मी त्याला तिथे काहीच उत्तर दिलं नाही. "लेखी कळवते" एवढं म्हणून निघालो.

रविवारचा पूर्ण दिवस मेसेज लिहिण्यात गेला. तीन खर्डे झाले. पहिल्यात त्याची कहाणी आणि माझी हळहळ होती आणि नेमकं काय करायचं ते कुठेच नव्हतं. दुसऱ्यात करार, कलम, कारवाई एवढंच. तिसरा वकीलबाईंना पाठवला, तपासण्याचे १,५०० रुपये घेतले आणि त्यांनी काही बदल सुचवले.

'भाडेकरू' आणि 'भाडं' हे शब्द काढायला लावले. आपण बोलतो भाडं, पण हा करार लिव्ह अँड लायसन्सचा आहे, कायद्यानं तो भाडेकरू नाही, परवानाधारक आहे. लेखी मजकुरात करारातलेच शब्द हवेत. 'फसवणूक' काढलं, कारण ते आपलं मत झालं, दिसलेली गोष्ट नव्हे. 'लवकरात लवकर' काढून तारखा घालायला सांगितल्या. आणि एक वाक्य वाढवलं, जे मला कधीच सुचलं नसतं: या काळात आम्ही मासिक रक्कम स्वीकारली, याचा अर्थ व्यवसायाला संमती दिली असा होणार नाही. धंदा चालू आहे हे माहीत असून मालक महिनोन्महिने पैसे घेत राहिला, तर पुढे 'त्यांना चालत होतं' असं म्हणायला जागा राहते.

२४ जूनला पाठवलेला मेसेज असा होता. नावं आणि पत्ता वगळून जसाच्या तसा देते.

'नमस्कार. आपल्यात १ सप्टेंबर २०२३ पासून २४ महिन्यांचा नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार आहे. त्यातील वापराच्या कलमानुसार सदनिका केवळ राहण्यासाठी वापरायची आहे.

२२ जून २०२४ रोजी सकाळी ११ वाजता आपल्या उपस्थितीत केलेल्या पाहणीत पुढील गोष्टी दिसल्या: हॉलमध्ये डीप फ्रीजर, किचनमध्ये व्यावसायिक भट्टी, ड्राय बाल्कनीत १९ किलोचे दोन व्यावसायिक सिलिंडर, आणि या सदनिकेच्या पत्त्यावरील अन्न व्यवसाय नोंदणी. येथून ॲपद्वारे खाद्यपदार्थांची विक्री होते, हे आपण सांगितले. हा वापर कराराच्या विरुद्ध आहे आणि त्याला आम्ही तोंडी किंवा लेखी परवानगी दिलेली नाही.

आपणास विनंती आहे की, दोन्ही व्यावसायिक सिलिंडर २८ जूनपर्यंत सदनिकेतून हलवावेत, कारण त्यापासून इमारतीतील सर्वांना धोका आहे. या सदनिकेतून होणारी विक्री व डिलिव्हरी १५ जुलै २०२४ पर्यंत पूर्णपणे बंद करावी, आणि नोंदणीतून व ॲपवरून हा पत्ता काढून त्याचा पुरावा आम्हाला द्यावा.

हे झाल्यास करार ठरल्या मुदतीपर्यंत चालू ठेवण्यास आमची हरकत नाही. न झाल्यास कराराच्या रद्द करण्याच्या कलमानुसार एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी लागेल. दरम्यान मासिक रक्कम स्वीकारणे म्हणजे या वापरास संमती असे समजू नये.

आपल्या कुटुंबाची अडचण आम्ही ऐकली आहे. तारखांबाबत काही सांगायचे असल्यास ३० जूनपर्यंत लेखी कळवावे, आम्ही त्यावर विचार करू.'

शेवटचा परिच्छेद वकीलबाईंनी ठेवू दिला, फक्त 'मदत करू' होतं तिथे 'विचार करू' केलं. मदत करू असं लिहून मग नाही केली, तर तेही लेखी राहतं.

व्हॉट्सॲपवर पाठवला, तोच मजकूर ईमेलनं पाठवला आणि मंगळवारी सही करून रजिस्टर एडीनं टाकला. पोस्टाचे तीस-चाळीस रुपये झाले असतील. पोचपावती सहीसकट ३ जुलैला परत आली. व्हॉट्सॲपची चॅट एक्स्पोर्ट करून स्वतःलाच मेल करून ठेवली, कारण फोन हरवला तर सगळंच जातं. सोसायटीच्या पत्राची पंधरा दिवसांची मुदत त्याच आठवड्यात संपत होती. त्यांना वेगळं उत्तर दिलं, पाहणीची तारीख आणि आम्ही दिलेली मुदत कळवली, भाडेकरूच्या घरची परिस्थिती मात्र लिहिली नाही. ती सोसायटीच्या नोटीस बोर्डावर जायची गोष्ट नव्हे.

पुढचे तीन दिवस फार वाईट गेले. सिलिंडर कधी निघतील हे डोक्यातून जाईना. रात्री फोन वाजला की छातीत धस्स व्हायचं.

२७ तारखेला त्याचं उत्तर आलं. सिलिंडर हलवल्याचा फोटो होता, बाल्कनी रिकामी, फरशीवर दोन गोल गंजके डाग. खाली लिहिलं होतं, की घरून काम करणारे सगळेच धंदा करतात, तिसऱ्या मजल्यावर क्लास चालतो, आणि छोट्या व्यवसायाला घरगुती मीटर चालतो असा नियम आहे. मग आम्हालाच का?

प्रश्न खोटा नव्हता आणि मी त्यावर खूप विचार केला. करार शब्दशः वाचला, तर घरी चार मुलांची शिकवणी घेणंही 'राहणं' नाही. त्याची बायको पंधरा डबे घरच्या शेगडीवर करत राहिली असती आणि संध्याकाळी तो ते पोचवून आला असता, तर मी कदाचित एक शब्द बोलले नसते. लॅपटॉपवर कुणी हिशेब लिहीत बसलं, तर घराचं काही बिघडत नाही. पण धंद्यामुळे माणसं येऊ-जाऊ लागली, इमारतीच्या पाइपांवर, मीटरवर, गॅसवर ताण आला आणि पत्ता सरकारी नोंदीत गेला, की ते घर राहत नाही. मी त्याला हेच कळवलं, आणि विजेच्या नियमाबद्दल एवढंच, की मुभा ३०० युनिटच्या आत आहे आणि त्याची शेवटची तीन बिलं सोबत जोडली आहेत.

रविवारी, ३० जूनला दोघं ठाण्याला घरी आले. मुलालाही आणलं होतं. त्यानं तुर्भ्याला एक छोटा गाळा बघितला होता, पण मालक ऑगस्टपासून द्यायला तयार होता, आधी नाही. त्यांना ३१ ऑगस्टपर्यंत मुदत हवी होती. ह्यांना एक दिवसही वाढवायचा नव्हता. मी म्हणाले, सिलिंडर तर गेले, आता जी घाई आहे ती सोसायटीची आणि मीटरची. बराच वेळ बोलून ३१ जुलै ठरलं: तोवर फक्त घरचा सिलिंडर घरच्या स्वयंपाकाला, ॲपवरची बिर्याणी-पराठे बंद, ठरलेले डबे इंडक्शनवर, डिलिव्हरीवाला रात्री नऊनंतर येणार नाही, आणि पाइप साफ करून घेतल्याचे सोसायटीचे ४,५०० रुपये तो देणार. चहा होईपर्यंत मी हे कागदावर उतरवलं, वर 'आमचे करारातील हक्क अबाधित ठेवून, केवळ मुदतवाढ' असं लिहिलं आणि चौघांनी सह्या केल्या. मुदत वाढवायला हरकत नाही, पण ती तोंडी वाढवू नका. आधीची लेखी तारीख तोंडी बोलण्यानं पुसली जाते आणि नवी कुठेच राहत नाही.

जाताना त्याची बायको म्हणाली, "तुम्ही मेसेजमध्ये ओरडला नाहीत, म्हणून आम्ही आलो. नाहीतर हा वकील करायला निघाला होता."

जुलै धुमसतच गेला. सेक्रेटरींचे दोन फोन आले, एकदा रात्री साडेदहाला डिलिव्हरीवाला आल्याचा फोटो. मी तो फोटो आणि सह्यांचा कागद भाडेकरूला एकत्र पाठवला, वर एक ओळ, 'नऊनंतर नाही असे ठरले आहे.' नंतर तक्रार आली नाही.

३ ऑगस्टला, पुन्हा पूर्वसूचना देऊन, दुसरी पाहणी केली. फ्रीजर आणि भट्टी तुर्भ्याला गेली होती. खिडकीच्या खाचेत नळीचा काळा चरा तेवढा उरला होता. किचनच्या टाइल्सवर तेलाचा पिवळा थर होता, तो करार संपताना साफ करून द्यायचं त्यानं कबूल केलं, तेही फोटोसकट नोंदवून घेतलं.

सगळ्यात जास्त वेळ पत्त्यानं खाल्ला. धंदा गेला तरी पोर्टलवर आणि ॲपवर आमचाच पत्ता. 'काकू, बंदच आहे ते' असं तो म्हणत राहिला. पण नोंद जिवंत असेल, तर उद्या खाण्यातून कुणाला काही झालं की तपासाला माणसं आमच्या दारात येणार. नोंदणी परत करण्याचा अर्ज त्यानं त्याच पोर्टलवरून ९ ऑगस्टला केला आणि पोच मला पाठवली. गाळ्याच्या पत्त्यावर नवी नोंदणी घेतली. जीएसटी नंबर घेतला आहे का, तेही लेखी विचारलं. त्यानं घेतला नव्हता. घेतलेला असेल, तर नुसतं 'काढलं' यावर विश्वास ठेवू नका. जीएसटीच्या पोर्टलवर नंबर टाकला, की व्यवसायाचा मुख्य पत्ता कुणालाही दिसतो, आणि पत्ता बदलल्यावर पंधरा दिवसांत दुरुस्तीचा अर्ज त्यालाच करावा लागतो. तो आपण करू शकत नाही. म्हणून हे सगळं डिपॉझिट आपल्या हातात असतानाच करून घ्यायचं.

माझा खर्च वकिलांचे ३,५०० आणि पोस्ट, लोकल, झेरॉक्स मिळून आणखी दोन-तीनशे. सप्टेंबरचं लाइट बिल १९६ युनिटचं आलं. मीच पीडीएफ पाठवली, या वेळी आकडा बघून.

ते कुटुंब ३१ ऑगस्ट २०२५ ला, मुदत संपल्यावर, घर सोडून गेलं. टाइल्स साफ होत्या. खिडकीचा रबर आणि किचनचा रंग मिळून ६,२०० रुपये कापले, बिलं दाखवली, बाकीचे ९३,८०० चावी घेताना दिले. नव्या कराराच्या वेळी एजंटाला सांगून एक वाक्य जास्तीचं घालून घेतलं: मालकाच्या लेखी संमतीशिवाय या पत्त्यावर कुठल्याही व्यवसायाची नोंदणी करायची नाही. आणि सही करण्याआधी, नव्या मुलीसमोर बसून, करार मोठ्यानं वाचला. अठरा मिनिटं लागली.